गोधडीची किंमत तासांवर ठरवावी

जुन्या साडीची गोधडी विकताना कापड घरचेच म्हणून किंमत कमी लावली जाते. प्रत्यक्षात तिच्यातला मोठा खर्च टाक्यांचा, म्हणजे वेळेचा असतो. बाळासाठी तीन बाय चार फुटांची गोधडी हाताने धावदोरा घालून शिवायला मला 18 तास लागले. तासाला 50 रुपये धरले तरी 900 आणि दोरा व अस्तराचे 150 मिळून 1050 रुपये झाले. उशीचा अभ्रा मशीनवर तासाभरात होतो, म्हणून स्वस्त भेट मागणाऱ्यांना तोच दाखवावा. बारशासाठी भेट शोधणाऱ्यांना आजीची सुती साडी आणायला सांगावे. मात्र ती आधी उजेडासमोर धरून हलकेच ताणावी, कारण विरलेले कापड टाक्यांपाशी फाटते. असा भाग आतल्या थरात घालावा.