कँडिडेट बजेटच्या वर मागतोय? या चुका टाळा

समजा चाकणच्या एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर हवाय, बजेट वर्षाला ७.२ लाख सीटीसी, मुलगा चांगला आहे, सगळे राउंड झाले आणि शेवटी फोनवर म्हणतो, "सर, ९ लाखांच्या खाली नाही जमणार." पहिली चूक इथेच झालेली असते, हा आकडा पहिल्या कॉललाच विचारायला हवा होता आणि आपली रेंजही तेव्हाच सांगून टाकायची होती.

दुसरी चूक म्हणजे ऐकल्या ऐकल्या "नाही" म्हणणं किंवा घाबरून "बघतो, साहेबांना विचारतो" म्हणणं. त्याऐवजी विचारा, हातात किती हवेत आणि ९ च का? बऱ्याचदा कळतं की त्याला महिन्याला ६० हजार हातात हवेत, आणि आपल्या ७.२ लाखांत कंपनीचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटी साधारण १,४०० (बेसिक ३० हजार धरून) आधीच आत आहे, वर त्याचा स्वतःचा पीएफ आणि २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे हातात ५४-५५ हजार पडतात. म्हणजे खरी तफावत महिन्याला पाच-सहा हजारांचीच. हे कागदावर मांडून दाखवा, निम्मी घासाघीस तिथेच संपते.

उरलेलं पगाराबाहेरून भरता येतं, पण त्याची अडचण नेमकी काय ते ओळखून. तो हडपसरहून येणार असेल तर कंपनीची बस किंवा शिफ्टची सोयीची वेळ त्याला खरंच पैशासारखी आहे. जुन्या कंपनीचा नोटीस पिरियड विकत घ्यावा लागत असेल तर ते पैसे तुम्ही भरा, किंवा ५० हजार जॉइनिंग बोनस द्या आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत करायची अट ऑफर लेटरमध्येच टाका. हे खर्च एकदाचे असतात, पगार मात्र दरवर्षी वाढतच जातो.

सगळ्यात वाईट चूक, "सहा महिन्यांनी बघू." हे लिहून द्यायची तयारी नसेल तर बोलूच नका. द्यायचंच तर असं लिहा: सहाव्या महिन्यात रिव्ह्यू, रिजेक्शन अमुक टक्क्यांच्या खाली आलं तर ७.८ लाख. नाहीतर सातव्या महिन्यात तो रिझाइन करतो आणि चूक त्याची नसते.

आणि सोडून कधी द्यायचं? तुमच्याकडे चार वर्षं काम करणारे तीन इंजिनिअर ७.६ वर असतील तर नव्याला ९ देऊच नका, गोष्ट बाहेर फुटतेच आणि मग त्या तिघांना वर आणायला वर्षाला ४.२ लाख जास्त लागतात. दुसरी खूण, तुम्ही ७.५ वर आलात की तो लगेच नवीन मागणी काढतो, किंवा दुसऱ्या कंपनीची ऑफर दाखवतो पण तिथे का जात नाही हे सांगत नाही, म्हणजे तुमचं लेटर घेऊन तो तिकडे भाव वाढवणार. अशा वेळी शेवटचा आकडा आणि तारीख मेलवर कळवा, शुक्रवार संध्याकाळपर्यंत होकार नाही आला तर सोमवारी दुसऱ्या नंबरच्या कँडिडेटला फोन करा, त्याला तोपर्यंत नकार कळवू नका.