ग्राहकांकडून वेबसाईटसाठी अभिप्राय मागवणारा ईमेल कसा लिहावा

आमचा कळण्याच्या पिठाचा आणि उडदाच्या पापडांचा घरगुती व्यवसाय आहे, जळगाव जिल्ह्यातला. पार्सलं जास्त करून पुण्या-मुंबईतल्या खान्देशी घरांत जातात. ज्यांनी दोनदा तरी मागवलं आहे, अशा वीस-पंचवीस जणांची यादी काढा. पार्सल पोचल्यावर दहा-बारा दिवसांनी ईमेल पाठवा, म्हणजे पीठ वापरून झालेलं असतं.

खरी अडचण मजकुरात येते. "आपला बहुमोल अभिप्राय कळवावा" असं लिहायला सगळेच सांगतात. मीही तेच लिहिलं आणि उत्तरं आली: "खूप छान", "उत्तम दर्जा". अशी वाक्यं साबणाच्या दुकानालाही चालतील. नवीन माणसाला त्यातून पिठाबद्दल काहीच कळत नाही. दोष ग्राहकांचा नव्हता, माझ्या प्रश्नाचा होता. म्हणून एकच प्रश्न विचारा, आणि तो त्यांच्या स्वयंपाकघरातला असू द्या. मी आता असं लिहिते:

> विषय: कळण्याच्या पिठाबद्दल एक प्रश्न
>
> नमस्कार ताई,
> गेल्या महिन्यात तुम्ही दोन किलो पीठ नेलं होतं. भाकरी थापताना ते कसं वाटलं? आधीच्या पिठापेक्षा काही फरक जाणवला का? दोन-तीन ओळी पुरेत, काही खटकलं असेल तर तेही लिहा.
> तुमचं उत्तर नाव आणि गावासह आमच्या नव्या वेबसाईटवर दाखवलं तर चालेल का? चालत असेल तर शेवटी "चालेल" लिहा. नाव नको असेल तर तसं सांगा.

या प्रश्नाला पुण्याच्या एका ताईंनी लिहिलं, "बाजारच्या पिठाची भाकरी तव्यावर टाकताना तुटायची, ही तुटली नाही. ठेच्यासोबत चार खाल्ल्या." वाचणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

परवानगीची ओळ कधीही गाळू नका. कौतुक आलं म्हणजे ते छापायची मुभा मिळाली, असं होत नाही. "चालेल" आल्याशिवाय मी एक शब्दही वर चढवत नाही. शुद्धलेखनाची चूक सुधारली तर हरकत नाही, पण वाक्य कापलं तर ते आधी त्यांना दाखवा. अहिराणीत उत्तर आलं तर ते अहिराणीतच ठेवा. "चांगलं लिहा, सवलत देतो" हे तर अजिबात नको. त्याने विकत घेतलेलं कौतुक मिळतं.

ईमेल एकेकाला वेगळा पाठवा. पहिल्या वेळी मी सगळे पत्ते 'To' मध्ये टाकले आणि प्रत्येकाला इतरांचे पत्ते दिसले. एका काकांनी फोन करून नाराजी सांगितली. त्यांचं बरोबरच होतं, मी सगळ्यांची माफी मागितली. 'Bcc' ने पत्ते झाकले जातात, पण "गेल्या महिन्यात दोन किलो" हे प्रत्येकासाठी वेगळं लिहिता येत नाही, आणि उत्तर त्या ओळीमुळेच येतं.

उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदाच आठवण करा. त्यानंतर त्यांना पुढच्या पार्सलपर्यंत विचारू नका.