साठ अंश मागे: माझा पहिला ऑल-पास फिल्टर

नोकरीतलं माझं पहिलं स्वतंत्र काम कागदावर अगदी किरकोळ होतं. एका सेन्सरला १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह द्यायची, आणि त्याच्याकडून परत येणारा सिग्नल सिंक्रोनस डीमॉड्युलेटरने पकडायचा. परतीचा सिग्नल ६० अंश उशिरा येत होता, म्हणून डीमॉड्युलेटरचा रेफरन्सही तेवढाच मागे सरकवायला हवा होता. "एक ऑल-पास टाक, तासाभराचं काम आहे," असं सीनियर सर म्हणाले. मला चार दिवस लागले. त्यातले तीन एकाच चुकीत गेले, आणि ती चूक सर्किटमध्ये नव्हतीच.

आधी मला वाटलं होतं की एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर पुरेल. साध्या आरसी लो-पासनेही ६० अंश मिळतात, पण तिथे सिग्नल निम्मा होतो. शिवाय फेज जरा हलवली की उंचीही हलते. ऑल-पासमध्ये उंची जागची हलत नाही, फक्त फेज फिरते. ट्रिमर फिरवून फेज जुळवायची असेल तर हेच हवं असतं.

सर्किट असं आहे. इनपुटपासून ऑप-अँपच्या इन्व्हर्टिंग पिनपर्यंत १० किलोओहम, आणि आउटपुटपासून त्याच पिनपर्यंत आणखी १० किलोओहम. इनपुटपासूनच नॉन-इन्व्हर्टिंग पिनला R, आणि त्या पिनपासून ग्राउंडला C. आउटपुट म्हणजे नॉन-इन्व्हर्टिंग पिनवरच्या व्होल्टेजची दुप्पट, वजा इनपुट. यातून मिळतं ते हे:

```
H = (1 - sRC) / (1 + sRC)
फेज = -2·arctan(2πf·RC)
```

वरच्या आणि खालच्या पदाचं मान सारखंच असतं, म्हणून गेन नेहमी १. फेज मात्र शून्यापासून सुरू होऊन उणे १८० पर्यंत जाते. मला उणे ६० हवे होते, म्हणजे arctan ची किंमत ३० अंश.

```
2πf·RC = tan 30° = 0.577
RC = 0.577 / (2π × 1000) = 91.9 µs
C = 10 nF  →  R = 9.19 kΩ
```

कपॅसिटर आधी ठरवायचा आणि R नंतर काढायचा, कारण रेझिस्टर हव्या त्या किमतीत जुळवता येतो, कपॅसिटर मोजक्याच किमतींत मिळतो. मी ८.२ किलोओहमच्या पुढे ५ किलोओहमचा मल्टी-टर्न ट्रिमर सीरीजमध्ये लावला. आज २ किलोओहमचाच लावेन, कारण साधारण ५४ ते ६५ अंशांचा पल्ला त्यातही मिळतो आणि हात स्थिर राहतो.

R आणि C ची अदलाबदल केली तर काय होतं, हे इथेच सांगते, कारण नवा माणूस इथे हमखास फसतो. मागे जाणारी फेज आता तेवढीच पुढे जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. अदलाबदलीने आउटपुट फक्त उलटं होतं, म्हणजे उणे ६० चे अधिक १२० होतात. त्या जोडणीत फेज १८० पासून उतरत शून्याकडे येते. खरोखर ६० अंश पुढे हवे असतील तर अदलाबदल करून वर RC नव्याने काढावं लागतं. तिथे tan 60° येतो, आणि १० नॅनोफॅरडला R सुमारे २७.६ किलोओहम लागतो.

आता माझी चूक. बेंचवर फंक्शन जनरेटर होता आणि मी त्यावर स्क्वेअर वेव्ह लावली. स्क्वेअरच्या कडा स्कोपवर चाकूसारख्या दिसतात, त्यामुळे उशीर मोजायला सोपं, एवढाच विचार होता. १ किलोहर्ट्झला ६० अंश म्हणजे १६७ मायक्रोसेकंद. इनपुटच्या कडेपासून आउटपुट शून्य ओलांडेपर्यंत मला दिसले १२७. मी ट्रिमर फिरवत राहिले आणि R सुमारे १२ किलोओहम झाला तेव्हा १६७ आले. वर आउटपुटला प्रत्येक कडेशी उंच सुळका येत होता. इनपुट १ व्होल्टचं, सुळका ३ व्होल्टचा. तो मला ओव्हरशूट वाटला, म्हणून मी फीडबॅक रेझिस्टरवर एक छोटा कपॅसिटरही चिकटवला.

बोर्डवर लावल्यावर चाचणी घेतली. रेफरन्सशी बरोबर ९० अंशांत असलेला सिग्नल दिला, तर डीमॉड्युलेटरने शून्य दाखवायला हवं. त्याने पूर्ण सिग्नलच्या पाव हिश्श्याहून थोडं जास्त दाखवलं. मी डीमॉड्युलेटर सोलून काढला, आयसी बदलला, दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी सर येऊन उभे राहिले, स्कोपकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हा ओव्हरशूट नाही, हे गणित आहे. साइन लाव आणि मग मोज." साइनवर फेज निघाली सुमारे ७५ अंश.

गणित काय ते नंतर बसून सोडवलं. कड एकदम येते तेव्हा कपॅसिटर क्षणभर हलतच नाही. त्या क्षणी नॉन-इन्व्हर्टिंग पिन जागेवर थांबते आणि सर्किट साधा इन्व्हर्टर होतं. इनपुट अधिक १ वरून उणे १ वर कोसळलं, म्हणजे २ व्होल्टने खाली गेलं, की आउटपुट उलट २ व्होल्टने वर उडी मारतं. ते आधीच १ वर होतं, म्हणून ३ वर पोहोचतं. मग घसरत उणे १ कडे येतं. शून्य ओलांडायला RC च्या सुमारे १.३९ पट वेळ लागतो. ९१.९ मायक्रोसेकंदांना ते होतात १२७, जे अंशांत मोजले तर जेमतेम ४६. म्हणजे माझा पहिलाच जोड बरोबर होता. स्क्वेअर वेव्हमधल्या ३, ५, ७ किलोहर्ट्झच्या प्रत्येक घटकाला फिल्टर वेगळ्या फेजने फिरवत होता, आणि त्या सगळ्या मिश्रणाला मी एकच कोन लावत होते. ऑल-पास अमुक एका फ्रिक्वेन्सीला अमुक कोन देतो, सगळ्या आकाराला उशीर देत नाही.

आणि खूण तर समोर होती. हिशोबाने ९.१९ किलोओहम, ट्रिमर जाऊन बसला १२ वर. फरक जवळजवळ एक तृतीयांश, आणि माझा कपॅसिटर ५ टक्क्यांचा. असा फरक दिसला की ट्रिमर फिरवणं थांबवावं. मोजमापातच काहीतरी चुकलेलं असतं.

स्क्वेअर वेव्ह अगदीच वाया गेली असं नाही. ब्रेडबोर्डवर जोडणी बरोबर आहे का, हे पाहायला ती आजही लावते. कडेशी उलट दिशेची उडी आणि तिप्पट सुळका दिसला की वर्णन केलेलीच जोडणी आहे. फक्त इनपुट लहान ठेवायचं, नाहीतर सुळका सप्लायला आपटून कापला जातो.

साइनवर ६० अंश जुळवायची एक युक्ती सरांनी दाखवली, तेव्हापासून ती सोडली नाही. स्कोपवर दोन्ही चॅनेल सारख्या स्केलवर घ्यायचे आणि मॅथ चॅनेलवर त्यांची वजाबाकी. दोन सारख्या उंचीच्या साइनमध्ये ६० अंश असतील तर वजाबाकीची उंचीही तेवढीच येते, समभुज त्रिकोण. एक अंश चुकला तर वजाबाकी दीड टक्क्याने बदलते, त्यामुळे कर्सर हलवत बसण्यापेक्षा हे बरं. त्याआधी दोन्ही प्रोब एकाच बिंदूवर लावून वजाबाकी शून्य येते ना, ते पाहायचं. आणि दोन्ही चॅनेल डीसी कपलिंगवर. एकच एसीवर राहिला तर १ किलोहर्ट्झला अर्ध्या अंशापर्यंत फरक पडू शकतो, ५० हर्ट्झला तो दहाच्या वरही जाऊ शकतो.

त्रिकोण खरा ठरतो तो गेन १ असेल तरच, आणि गेन १ राहतो दोन १० किलोओहम सारखे असतील तर. ते तपासायला रेझिस्टर उपटायची गरज नाही. ५० हर्ट्झला गेन पाहा, मग ५० किलोहर्ट्झला पाहा. कमी फ्रिक्वेन्सीला रेझिस्टर कसेही असले तरी गेन १ च येतो, कारण दोन्ही पिनांवर इनपुटच असतं. वरच्या टोकाला मात्र तो फीडबॅकचा रेझिस्टर भागिले इनपुटचा रेझिस्टर एवढा होतो. ५ टक्क्यांचे रेझिस्टर विरुद्ध बाजूंना गेले तर तो १० टक्क्यांनी चुकतो, आणि माझ्या ६० अंशांच्या जागी ६२ च्या थोडे वर येतात. १ टक्क्याचे घातले की हा फरक अर्ध्या अंशावर येतो.

उंची तरीही बदलत असेल तर इनपुट कोण देतंय ते पाहा. या सर्किटचा इनपुट इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीबरोबर उतरतो. खाली तो जवळजवळ अनंत असतो, वरच्या टोकाला १० आणि ९.१९ किलोओहम समांतर, म्हणजे ४.८. सोर्सला १ किलोओहमचा रेझिस्टन्स असला तर तिथे १७ टक्के सिग्नल जातो, आणि 'ऑल-पास' नाव खोटं ठरतं. माझ्या बोर्डवर अलीकडे पोटेन्शिओमीटर होता. ड्युअल ऑप-अँपचा रिकामा अर्धा भाग बफर करून मध्ये घातला आणि प्रश्न मिटला.

कपॅसिटर मात्र स्वस्त घेऊ नका. RC एक टक्क्याने सरकलं तर फेज सरकते ०.५७ गुणिले त्या कोनाचा साइन, एवढे अंश. ६० ला ते अर्धा अंश होतं, ९० ला सगळ्यात जास्त. एक्स-सेव्हन-आर सिरॅमिक तापमानाच्या पल्ल्यात १५ टक्के हलू शकतो, म्हणजे सात अंश. पॉलीप्रॉपिलीन फिल्म किंवा एनपीओ सिरॅमिक घ्या. फ्रिक्वेन्सी हललीही तरी हाच हिशोब लागतो, म्हणून सोर्स क्रिस्टलवरचा असावा.

ऑप-अँपचा प्रश्न १ किलोहर्ट्झला येत नाही. १ मेगाहर्ट्झ गेन-बँडविड्थचा ७४१ सुद्धा तिथे दशांश अंशाचीच भर घालतो. पुढच्या बोर्डला तेच सर्किट मी २० किलोहर्ट्झला वापरलं, तेव्हा त्याने सव्वादोन अंश जास्त मागे ढकलले. शिवाय ४ व्होल्ट पीकच्या वर साइन त्रिकोणी दिसायला लागली, कारण त्याचा स्लू रेट अर्धा व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. ते सव्वादोन अंश ट्रिमरने भरून काढता आले असते, स्लूचं काही करता आलं नसतं. तिथे टीएल०७२ घातला.