युरिया चक्र लिहिताना या चुका टाळा: दोन नायट्रोजनचा माग सोडू नका

बायोकेमिस्ट्रीच्या उत्तरपत्रिकांत युरिया चक्राची आकृती बहुतेकांची बरोबर असते. पाच पायऱ्या, पाच एन्झाइम्स, बाण गोल फिरलेले, सगळं जागच्या जागी. पण खाली "युरियातले दोन नायट्रोजन कुठून येतात ते स्पष्ट करा" असा दोन गुणांचा प्रश्न आला की तीच मुलं अडखळतात. चक्र पाठ झालेलं असतं, पण नायट्रोजन त्यात शिरतो कसा हे पाहिलेलं नसतं. शिकवताना मला ज्या चुका सर्वाधिक दिसल्या, त्या जवळपास सगळ्या इथूनच निघतात.

"ट्रान्सअमिनेशनमध्ये अमोनिया सुटतो"

ही सगळ्यांत मोठी चूक आहे. ट्रान्सअमिनेशनमध्ये अमोनिया अजिबात सुटत नाही. अमिनो गट एका रेणूवरून उचलून दुसऱ्यावर ठेवला जातो, इतकंच. अमिनो आम्लाचा अमिनो गट अल्फा-कीटोग्लुटरेट घेतं आणि त्याचं ग्लुटामेट होतं. ज्याने गट दिला त्याचं कीटो आम्ल उरतं. ॲलनिनने दिला तर पायरुवेट उरतं, ॲस्पार्टेटने दिला तर ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट.

एन्झाइमच्या आत काय चालतं ते एकदा जवळून बघा, मग हा गोंधळ पुन्हा होणार नाही. प्रत्येक ट्रान्सअमिनेजमध्ये बी-६ जीवनसत्त्वापासून बनलेलं पायरिडॉक्सल फॉस्फेट बसलेलं असतं. ॲलनिन आलं की त्याचा अमिनो गट आधी या पायरिडॉक्सल फॉस्फेटवर जातो, त्याचं पायरिडॉक्समिन फॉस्फेट होतं आणि पायरुवेट बाहेर पडतं. मग त्याच जागी अल्फा-कीटोग्लुटरेट येऊन तो गट घेऊन जातं. नायट्रोजन संपूर्ण वेळ कुणाला तरी चिकटलेलाच असतो. मोकळा होतो असा एकही क्षण नाही. ब्राउनस्टाइन आणि क्रिट्झमन यांनी १९३७ मध्ये ही प्रक्रिया मांडली तेव्हाही अमिनो गटाचं हे थेट हस्तांतरण हाच तिचा गाभा होता.

मग अमोनिया सुटतो कुठे? मुख्यतः पुढच्या टप्प्यात. यकृताच्या मायटोकाँड्रियात ग्लुटामेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम ग्लुटामेटवरून अमोनियम आयन वेगळा करतं आणि अल्फा-कीटोग्लुटरेट परत मिळतं. याला ऑक्सिडेटिव्ह डीअमिनेशन म्हणतात. ट्रान्सअमिनेशनचं काम निरनिराळ्या अमिनो आम्लांचा नायट्रोजन एका ग्लुटामेटवर गोळा करण्याचं, आणि डीअमिनेशनचं काम तो मोकळा करण्याचं. परीक्षेत या दोन शब्दांची अदलाबदल झाली की पुढचं उत्तर कितीही सुंदर असलं तरी कोसळतं. जाता जाता एक अपवाद: लायसिन आणि थ्रिओनिन या वाटेने जात नाहीत, म्हणून "सर्व अमिनो आम्लांचं ट्रान्सअमिनेशन होतं" असं लिहू नका.

"दोन्ही नायट्रोजन अमोनियातून येतात"

इथे शब्दांपेक्षा हिशेब उपयोगी पडतो. उपाशी असताना स्नायूंकडून यकृतात बरंच ॲलनिन येतं. त्यातले दोनच रेणू घेऊ या.

दोन्ही ॲलनिन एएलटी या एन्झाइमकडे जातात. दोन अल्फा-कीटोग्लुटरेट खर्च होतात, दोन पायरुवेट आणि दोन ग्लुटामेट तयार होतात. इथून वाटा फुटतात.

पहिलं ग्लुटामेट मायटोकाँड्रियात डिहायड्रोजनेजकडे जातं. त्याचा अमोनिया सुटतो, बायकार्बोनेटशी जोडला जातो आणि दोन एटीपी खर्चून कार्बामॉइल फॉस्फेट बनतं. ऑर्निथिन ते स्वीकारतं आणि सिट्रुलिन होतं. हा झाला पहिला नायट्रोजन.

दुसऱ्या ग्लुटामेटचा अमोनिया होतच नाही. एएसटी हे एन्झाइम त्याचा अमिनो गट ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटवर ठेवतं आणि ॲस्पार्टेट तयार होतं. म्हणजे पुन्हा एकदा ट्रान्सअमिनेशन. हे ॲस्पार्टेट मायटोकाँड्रियातून बाहेर येऊन सायटोसोलमध्ये सिट्रुलिनला जोडलं जातं, आर्जिनिनोसक्सिनेट बनतं. मग त्याचे दोन तुकडे होतात: आर्जिनिन आणि फ्युमरेट. ॲस्पार्टेटचा नायट्रोजन आर्जिनिनकडे राहतो आणि त्याचा कार्बन सांगाडा फ्युमरेट म्हणून निघून जातो. शेवटी आर्जिनेज पाण्याच्या मदतीने आर्जिनिन तोडतं. युरिया बाहेर, ऑर्निथिन परत.

आता वही तपासा. दोन अल्फा-कीटोग्लुटरेट खर्च झाले होते. एक डिहायड्रोजनेजने परत दिलं, एक एएसटीने. एक ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट खर्च झालं होतं. फ्युमरेटचं मॅलेट आणि मॅलेटचं ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट होऊन तेही परत आलं. ऑर्निथिन परत आलं. दोन ॲलनिन गेले, दोन पायरुवेट आणि एक युरिया मिळाला, मधल्या वाहक रेणूंपैकी कुणाची शिल्लक हलली नाही. तुमच्या उत्तरात हा मेळ बसत नसेल तर कुठला तरी बाण चुकलाय, हे नक्की समजा. स्वतःचं उत्तर तपासण्याची मला याहून चांगली रीत माहीत नाही.

पहिल्या नायट्रोजनचा एकच उगम नाही. ग्लुटामिनमधून ग्लुटामिनेजने सुटलेला अमोनिया आणि आतड्यातून पोर्टल शिरेने आलेला अमोनियाही त्याच दारातून आत येतो. दुसऱ्याचं दार मात्र एकच, ॲस्पार्टेट.

"ऑर्निथिनचे नायट्रोजन युरियात जातात"

ऑर्निथिनवर दोन नायट्रोजन असतात आणि युरियातही दोनच, म्हणून हा घोटाळा होतो. पण चक्रात ऑर्निथिनचे स्वतःचे दोन्ही नायट्रोजन त्याच्यापाशीच राहतात. आर्जिनेज जिथे तोडतं ती जागा आकृतीत बोट ठेवून बघा: सुटणाऱ्या भागात कार्बामॉइल फॉस्फेटचा एक नायट्रोजन, ॲस्पार्टेटचा एक, आणि मधला कार्बन बायकार्बोनेटचा. अमिनो आम्लांचा कार्बन युरियात येतो असंही काही जण लिहितात. तोही समज चुकीचा.

हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांना १९३२ मध्ये याच गोष्टीने चक्राची दिशा दाखवली. यकृताच्या पातळ कापांना थोडंसं ऑर्निथिन दिलं की अमोनियापासून युरिया कितीतरी जास्त बनायचा, आणि ऑर्निथिन मात्र संपत नव्हतं. त्याचा नायट्रोजन युरियात जात असता तर ते संपलं असतं.

एटीपी तीन की चार?

दोन्ही बरोबर, पण काय मोजताय ते लिहा. रेणू तीन लागतात: दोन कार्बामॉइल फॉस्फेटसाठी, एक आर्जिनिनोसक्सिनेटसाठी. तिसऱ्याचं मात्र एडीपी होत नाही, थेट एएमपी आणि पायरोफॉस्फेट होतं. ते पायरोफॉस्फेटही पुढे तुटतं, म्हणून उच्च ऊर्जेचे बंध चार. नुसतं "३" किंवा नुसतं "४" लिहून सोडू नका.

स्थळाच्या चुकाही इथेच उरकून टाकू. पहिल्या दोन पायऱ्या मायटोकाँड्रियात, उरलेल्या तीन सायटोसोलमध्ये. आणि पहिल्या पायरीचं एन्झाइम कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज वन, ज्याला एन-ॲसिटिलग्लुटामेटशिवाय चालता येत नाही. टू हे सायटोसोलमधलं, पिरिमिडिन बनवणारं, आणि ते नायट्रोजन ग्लुटामिनकडून घेतं.

"अडथळा असला की त्याच्या आधीचं सगळं साचतं"

विकारांच्या प्रश्नांत हे सूत्र आंधळेपणाने लावलं जातं. एक केस बघू. नवजात मुलगा जन्मतः ठणठणीत, कारण तोवर त्याचा नायट्रोजन आईचं शरीर बाहेर टाकत होतं. दूध सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत तो सुस्तावतो, दूध ओढत नाही, उलट्या होतात, श्वास जलद होतो. जंतुसंसर्ग वाटतो, पण रक्तात अमोनिया खूप वाढलेला आहे. ग्लुटामिन जास्त, सिट्रुलिन जवळजवळ नाही.

सिट्रुलिन नाही, म्हणजे अडथळा पहिल्या दोन पायऱ्यांपैकी एकीत. पण कोणत्या? इथे मुलं रक्तात कार्बामॉइल फॉस्फेट शोधायला जातात. ते रक्तात साचत नाही. दुसरी पायरी, म्हणजे ऑर्निथिन ट्रान्सकार्बामॉइलेज, बंद असेल तर ते मायटोकाँड्रियातून सायटोसोलमध्ये सांडतं, पिरिमिडिनच्या वाटेला लागतं आणि लघवीत ओरोटिक आम्ल वाढतं. पहिलीच पायरी बंद असेल तर सांडायला काही बनतच नाही, ओरोटिक आम्ल वाढत नाही. या मुलाच्या लघवीत ते वाढलेलं आहे, म्हणून दुसरी पायरी. या एन्झाइमचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, त्यामुळे मुलग्यांत आजार तीव्र असतो.

अडथळा तिसऱ्या पायरीत असेल तर चित्र उलटं: सिट्रुलिन प्रचंड वाढतं. चौथीत असेल तर आर्जिनिनोसक्सिनेट.

या चौथ्या पायरीच्या उपचारावर एक प्रश्न हमखास चुकतो: या रुग्णाला आर्जिनिन का देतात? "त्यात चार नायट्रोजन आहेत, अमोनिया वाढेल" असं उत्तर येतं. नायट्रोजन मोजून बघा. दिलेलं आर्जिनिन आर्जिनेजकडे जातं, त्यातले दोन युरिया म्हणून जातात आणि ऑर्निथिन मिळतं. अडथळ्यामुळे चक्रात नेमकं हेच परत येत नव्हतं. ते ऑर्निथिन एक नायट्रोजन कार्बामॉइल फॉस्फेटकडून घेतं, एक ॲस्पार्टेटकडून, आणि आर्जिनिनोसक्सिनेट होऊन थांबतं. पण हा रेणू मूत्रपिंडातून सहज बाहेर जातो. युरिया बनला नाही तरी नकोसे दोन नायट्रोजन गेलेच. तिसऱ्या पायरीच्या अडथळ्यातही आर्जिनिन देतात, पण तिथे रेणू सिट्रुलिनपाशी थांबतो. तो एकच नकोसा नायट्रोजन नेतो, आणि लघवीतून तितक्या सहज जातही नाही. पाचव्या पायरीच्या, म्हणजे आर्जिनेजच्याच, विकारात मात्र आर्जिनिन देत नाहीत, कारण तिथे तेच साचलेलं असतं.