दाण्याचे कूट इंग्रजीत धान्य झाले तेव्हा

भरल्या वांग्यांच्या पाककृतीचे शीर्षक आणि वर्णन मी यंत्राकडून इंग्रजीत करून घेतले, तेव्हा 'दाण्याचे कूट' याचे 'ग्रेन पावडर', म्हणजे धान्याची पूड, असे भाषांतर झाले. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाने ते वर्णन वाचून पदार्थ निर्धास्तपणे खाल्ला असता, ही कल्पनाच मला अस्वस्थ करून गेली.

मी नेहमीप्रमाणे इंग्रजी मजकूर पुन्हा मराठीत उलटवून पाहिला होता. पण 'ग्रेन'चे मराठीत पुन्हा 'दाणे' झाले आणि ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे शेंगदाणेच आले, त्यामुळे चूक सुटून गेली. मूळ शब्दच दोन अर्थांचा असेल, तर ही उलट तपासणी सहज फसू शकते.

आता मी भाषांतराआधी मूळ मराठीच बदलते. 'दाण्याचे कूट' ऐवजी 'भाजलेल्या शेंगदाण्यांची भरड पूड', 'वाटण' ऐवजी 'ओले खोबरे आणि लसूण वाटून केलेला मसाला', आणि 'पाव किलो' ऐवजी '२५० ग्रॅम', कारण 'पाव' म्हणजे ब्रेडही होतो. शीर्षकात आजूबाजूला संदर्भ नसल्याने तिथे विशेष जपावे लागते.

त्यानंतर इंग्रजी शब्द चित्रशोधात टाकते आणि ताटात तोच पदार्थ दिसतो का, ते पाहते. शेवटी मराठी न येणाऱ्या शेजारीणबाईंना केवळ इंग्रजी मजकूर देऊन, "यात काय काय घालायचे आहे?" असे विचारते. त्यांच्या उत्तरात शेंगदाणे आल्याशिवाय मी पाककृती प्रकाशित करत नाही.