स्क्रिप्टिंग शिकवण्याची विनंती मेलने करताना या चुका टाळा

"आदरणीय भाऊसाहेब, मला मॅक्रो शिकायचे आहेत, कृपया मार्गदर्शन करावे." एवढाच मेल आला, तर उत्तरात काय लिहावे हे मला कळत नाही. कोणते काम दररोज हाताने करावे लागते, त्यातील कोणता भाग स्वतः लिहून पाहिला आणि तो कुठे अडला, हे त्यात असलेच पाहिजे.

याहून मोठी चूक म्हणजे निरीक्षण न सांगता तक्रार करणे. यावलकडच्या एका सहकारी संस्थेतील कनिष्ठ लिपिकाने केळी खरेदीच्या याद्या एकत्र करणारा मॅक्रो लिहिला होता. त्याच्या मेलमध्ये "तारखा चुकतात, लवकर सांगा" एवढे शब्द आणि मोबाईलने तिरका काढलेला स्क्रीनचा फोटो होता, कोड नव्हताच. मी फाइलमधील पाच ओळी मागवल्या, तेव्हा उलगडा झाला. सीएसव्ही फाइलमधील `05/04/2024`, म्हणजे ५ एप्रिल, एक्सेलमध्ये ४ मे झाली होती आणि `25/04/2024` ही तारीख नुसता मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेला राहिली होती. फाइल हाताने उघडली की एक्सेल विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे तारीख वाचते; मॅक्रोतून उघडली की, वेगळे सांगितले नाही तर, अमेरिकन पद्धतीने महिना आधी धरते. इलाज एका शब्दाचा होता:

```vba
Workbooks.Open Filename:=p, Local:=True
```

अर्थात संगणकाची सेटिंग दिवस-महिना-वर्ष अशी असेल, तरच याचा उपयोग होतो. हाताने उघडल्यास तारखा बरोबर दिसतात, हे त्या लिपिकाला आधीच ठाऊक होते, पण घाईत त्याने ते लिहिले नाही. उलट, दिवस आणि महिना यांची अदलाबदल करणारा कुणाचा तरी तयार लूप इंटरनेटवरून उचलून त्याने खाली जोडला होता. वरची ओळ दुरुस्त केल्यावर तोच लूप बरोबर आलेल्या तारखा पुन्हा बिघडवू लागला. समजून न घेता चिकटवलेला कोड मी तपासत नाही; तो आधी काढायला सांगतो.

मूळ फाइल खातेक्रमांकांसह जोडू नये. खोटी नावे टाकलेल्या पाच ओळी, अपेक्षित उत्तर, प्रत्यक्ष आलेले उत्तर आणि मजकूर म्हणून चिकटवलेला कोड, एवढे मला पुरते. मॅक्रोने केलेला बदल 'अनडू'ने परत येत नाही, म्हणून प्रयोग नेहमी प्रतीवरच करावा.

विषयाच्या जागी "नमस्कार" लिहू नये.

वेळ मागताना "सवड मिळेल तेव्हा" असेही लिहू नये. "बुधवारी साडेचारनंतर वीस मिनिटे, तारखांच्या या एका ओळीसाठी" असे लिहिले, तर मी सहसा नाही म्हणत नाही. मार्चअखेरीस आलेल्या मेलला मात्र उत्तर एप्रिलमध्येच जाते.