‘डिपॉझिट’चं भाषांतर ‘डिपॉझिट’ करू नका

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीला 4,00,000 रुपयांच्या कास्टिंगची ऑर्डर आली आहे. इंग्रजी करारात 30 टक्के ‘डिपॉझिट’ ऑर्डरसोबत आणि ‘बॅलन्स’ माल पाठवण्याआधी, असं लिहिलंय. मराठीत ‘30 टक्के डिपॉझिट’ एवढंच उतरवलं, तर वाचणारा फसतो. कारण आपल्याकडे डिपॉझिट म्हणजे गाळ्याचं, सिलिंडरचं: शेवटी परत मिळणारं. तो धरतो, की 1,20,000 नंतर परत येतील आणि मालाचे 4,00,000 वेगळे. करारात मात्र 1,20,000 ही किमतीतलीच आगाऊ रक्कम आहे आणि उरलेले 2,80,000 च द्यायचे आहेत.

ओळखायचं कसं? त्या शब्दाच्या आसपासची वाक्यं वाचा. रक्कम एकूण किमतीतून वजा होत असेल किंवा पुढे ‘बॅलन्स’ येत असेल, तर ‘आगाऊ रक्कम’ लिहा. ‘सिक्युरिटी’ किंवा ‘रिफंडेबल’ असेल तर ‘अनामत रक्कम’. कन्नड प्रत हाताशी असेल तर तीही पाहा: ‘मुंगड’ म्हणजे आगाऊ, ‘भद्रता ठेवणी’ म्हणजे अनामत. नुसतं ‘ठेवणी’ असेल तर त्यावर विसंबू नका. तिथेही हाच घोटाळा झालेला असू शकतो.

तरीही उलगडा झाला नाही, तर करार करणाऱ्यालाच विचारा: ऑर्डर रद्द झाली तर हे पैसे कोणाचे? उत्तर भाषांतरात एक पूर्ण वाक्य म्हणून लिहा, पण दोन्ही बाजूंची संमती घेऊनच.